चवदार तळ्याकाठी दुर्खीम

मध्य ऑस्ट्रेलियात, आजच्या ॲलिस स्प्रिंग्जच्या आसपासच्या कोरड्या मुलखात अरुंटा लोक राहतात. आता त्यांचे नाव अरेर्न्ट असे लिहितात. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्याबद्दल जे लिहून ठेवले गेले त्यात चुरिंगा नावाच्या एका वस्तूचे वर्णन वारंवार येते. लाकडाचा किंवा घासून गुळगुळीत केलेल्या दगडाचा लांबट तुकडा, आणि त्यावर कोरलेल्या रेषा, वर्तुळे, ठिपके. हे तुकडे डोंगरातल्या कपारीत लपवून ठेवत. कपारीभोवतीची जागाही त्यांच्यामुळे वेगळी होई. तिथे शिरलेल्या जनावराला मारायचे नाही, तिथवर पळत आलेल्या माणसाला हात लावायचा नाही. चुरिंगा हरवले तर सगळा गट अंगाला पांढरी माती फासून दोन आठवडे शोक करी, घरातले माणूस गेल्यासारखा.

एमिल दुर्खीम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाला कधी गेला नाही. बाल्डविन स्पेन्सर हे मेलबर्नचे जीवशास्त्राचे प्राध्यापक आणि फ्रँक गिलेन हे तारखात्यातले अधिकारी, या दोघांनी १८९९ आणि १९०४ साली प्रसिद्ध केलेली पुस्तके त्याने पॅरिसमध्ये बसून बारकाईने वाचली. वाचताना त्याला एक साधा प्रश्न पडला. हा दगड आणि शेजारी पडलेला दगड यांत फरक काय? वजन तेच, जात तीच. फरक एवढाच, की या दगडावर गटाची खूण कोरलेली आहे. म्हणजे पावित्र्य दगडात नाही, खुणेत आहे. आणि खूण कोणाची, तर त्या गटाची स्वतःची.

इथून पुढे त्याने जो युक्तिवाद रचला तो १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या धर्मविषयक ग्रंथात आहे. धर्माची ओळख देवावरून पटत नाही, कारण देव नसलेलेही धर्म आहेत. ती पटते जगाच्या दोन भागांवरून: एक राखून ठेवलेला, नियमांनी वेढलेला पवित्र भाग आणि दुसरा रोजचा, साधा भाग. मग प्रश्न उरतो की राखून ठेवलेल्या भागाची जरब येते कुठून. दुर्खीमचे उत्तर असे: अरुंटांची माणसे वर्षातला बराच काळ लहान लहान टोळ्यांनी शिकार आणि कंदमुळे शोधत विखुरलेली असतात. मग कधीतरी सगळे एकत्र जमतात. रात्रीचा जाळ, अंगावर रंग आणि पिसे, एका सुरातले गाणे, एका ठेक्यातली पावले. त्या गर्दीत माणसाला आपल्यापेक्षा मोठ्या कशाने तरी झपाटल्यासारखे वाटते. ते वाटणे खोटे नसते. काहीतरी मोठे तिथे खरेच असते, आणि ते म्हणजे जमलेला समाज. पण एवढी अमूर्त गोष्ट डोळ्यांपुढे धरता येत नाही, म्हणून ती भावना समोरच्या खुणेला चिकटते. लोक पांगले, तरी खूण उरते. सैनिक निशाणासाठी मरतो तेव्हा तो कापडाच्या तुकड्यासाठी मरत नसतो, हे उदाहरण त्यानेच दिले आहे.

दरवर्षी भाद्रपद जवळ आला की मंडपाच्या परवानग्या, ध्वनिवर्धक, वर्गणी यांवर वाद होतात आणि त्या वादात कोणीतरी हमखास म्हणते, ‘काही झाले तरी उत्सवामुळे समाज एकत्र येतो.’ म्हणणाऱ्याने दुर्खीमचे नाव ऐकलेले नसेल, पण वाक्य त्याचेच आहे. मला ते निम्मे मान्य आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल हा लेख.

मान्य असलेला भाग आधी. मराठी घरात वाढलेल्या माणसाला दुर्खीम समजायला ऑस्ट्रेलियात जावे लागत नाही, आजीचे सोवळे आठवले तरी पुरते. आमच्याकडे ते छताजवळच्या दांडीवर वाळत असे. आजी ते काठीने वर टाकी आणि काठीनेच खाली घेई. एकदा मी खेळताना त्याला हात लावला आणि भर पावसाळ्यात तिला ते पुन्हा धुवावे लागले. तिने मला मारले नाही, नुसते माझ्याकडे पाहिले. कापड तेच होते, सूत तेच होते, माझे हातही मळलेले नव्हते. मळाचा संबंधच नव्हता. रोजचे जग राखून ठेवलेल्या जगाला लागले होते, बस. दुर्खीमने म्हटले होते की पावित्र्य संसर्गजन्य असते, म्हणूनच त्याच्याभोवती इतकी कुंपणे लागतात. आमच्या दांडीवर ते दिसत होते.

मराठीत त्याचे विचार मांडताना मात्र एक घोळ होतो. त्याच्या जोडीतल्या दुसऱ्या शब्दाला आपण सहज ‘अपवित्र’ म्हणून मोकळे होतो, पण त्याला म्हणायचे होते साधे, रोजचे, ज्याच्याभोवती कुंपण नाही असे. अपवित्र, विटाळलेले, अशुभ हे त्याच्या मते रोजचे नसतेच. तेही राखून ठेवलेल्या भागातच मोडते, त्याच्या दुसऱ्या टोकाला. देवघरापासून आपण जसे दूर राहतो तसेच सुतकाच्या घरापासूनही दूर राहतो, आणि दोन्हीकडून बाहेर पडण्यासाठी विधी लागतो. हा विचार त्याने स्कॉटिश अभ्यासक रॉबर्टसन स्मिथकडून घेतला. हा मुद्दा पुढे लागणार आहे, म्हणून इथे थांबलो.

आता अडचण. ती बाहेरून आणायला नको, त्याच्या आवडत्या उदाहरणातच आहे. चुरिंगा स्त्रियांनी पाहायचे नाही. दीक्षा न झालेल्या मुलांनीही नाही. त्या कपारीच्या वाटेलाही त्यांनी जायचे नाही, आणि नियम मोडल्यास शिक्षा भयंकर. म्हणजे ज्या वस्तूत समाज स्वतःला पाहतो असे आपण म्हणतो, ती वस्तू पाहायची त्या समाजातल्या निम्म्याहून अधिक माणसांना मनाई आहे. दुर्खीमला हे ठाऊक होते, त्याने ते लिहिलेही. त्याच्या हिशेबात स्त्रिया रोजच्या भागात जमा झाल्या आणि पुस्तक पुढे गेले. पण मग त्या रात्रीच्या जाळाभोवती जमलेला ‘समाज’ नेमका कोण होता?

पुढे मानवशास्त्रज्ञांनी त्याच्यावर याच्याच जवळची टीका केली. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी दाखवले की तो ज्या कुळाला धर्माचा उगम मानतो, ते कुळ अरुंटांच्या रोजच्या जगण्यातला मुख्य गट नव्हतेच. माणसे एकत्र हिंडत, शिकार करत, खात ती टोळीत, आणि एका टोळीत अनेक कुळांची माणसे असत. ज्यांची चूल एक ते वेगळे आणि ज्यांची खूण एक ते वेगळे. स्टॅनर यांनी तर ऑस्ट्रेलियातल्या लोकांमध्ये राहून सांगितले की पवित्र आणि रोजचे अशी सरळ फाळणी तिथे लावताच येत नाही. या टीकेने दुर्खीम निकालात निघाला असे काही जण मानतात. मला तसे वाटत नाही. त्याने विधीच्या ताकदीचे जे वर्णन केले ते खरेच आहे. चूक आहे ती त्याच्या वाक्यातल्या कर्त्यात. ‘समाज विधीतून स्वतःला व्यक्त करतो’ असे तो म्हणतो, जणू समाज आधीच मोजूनमापून उभा आहे आणि विधी हा त्याचा आरसा आहे. मला वाटते विधी आरशापेक्षा कुंपणाच्या जवळचा आहे. समाजात कोण मोजले जाणार आणि कोण नाही, हे पुष्कळदा विधीच ठरवतो.

याचा पुरावा महाडला आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला: सार्वजनिक पैशांतून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले, तळ्यावर काहीच बदलले नाही. मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे रांगेने तळ्यावर जाऊन पाणी प्याली. नंतर वीरेश्वराच्या देवळात ही मंडळी शिरणार अशी अफवा उठली आणि परिषदेच्या मंडपात जेवत असलेल्या लोकांवर हल्ला झाला. अन्न मातीत मिसळले गेले.

पण या लेखापुरते महत्त्वाचे आहे ते त्यानंतर घडले ते. तळ्याची शुद्धी केली गेली. १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही आणि ब्राह्मणांचे मंत्र असा तो विधी होता. शुद्धीनंतर ते पाणी स्पृश्यांना पिण्यायोग्य झाले असे जाहीर करण्यात आले.

इथे जरा रेंगाळायला हवे. चवदार तळे तीर्थ नव्हते. त्याच्या काठी कोणी पर्वणीला स्नान करत नव्हते. ते गावाचे पाणी होते, धुण्या-पिण्याचे. दुर्खीमच्या भाषेत अगदी रोजच्या भागातले. मुसलमान आणि ख्रिस्ती तिथे पाणी भरत, गुरेढोरे तिथे पीत, आणि त्याने तळे बाटत नव्हते. म्हणजे पवित्र आणि रोजचे यांतली रेघ पाण्यातून जात नव्हती. ती माणसांमधून जात होती, आणि पाणी हे ती रेघ उमटवण्याचे नुसते साधन होते. अरुंटांच्या दगडासारखेच. त्या दगडात काही नव्हते, या पाण्यातही नव्हते.

दुर्खीमने आपल्या ग्रंथाच्या शेवटाकडे एका प्रकारच्या विधींचा विचार केला आहे, ज्यांना आपण प्रायश्चित्ताचे विधी म्हणू. गटाला धक्का बसतो, कोणी मरते, खूण हरवते, दुष्काळ पडतो, तेव्हा माणसे जमतात, रडतात, अंगाला जखमा करून घेतात, आणि त्या जमण्यानेच गट पुन्हा सावरतो. महाडची शुद्धी या वर्णनात चपखल बसते. स्पृश्य महाडकरांना धक्का बसला होता, ते जमले, घागरी ओतल्या आणि सावरले. विधीने बंध पक्के केले, यात शंका नाही. कोणाचे, एवढेच विचारायचे. आणि मघाशी जो मुद्दा राखून ठेवला होता तो इथे लागतो: ज्यांना विटाळाच्या टोकाला ढकलले होते ते या विधीच्या बाहेर नव्हते. त्यांच्यावाचून त्या विधीला अर्थच नव्हता. कुंपणाला पलीकडचा माणूस लागतो.

ही गोष्ट आंबेडकरांनी त्याच वर्षी स्वच्छ सांगितली. २५ डिसेंबरला महाडला पुन्हा परिषद भरली. मंडपाला स्पृश्यांपैकी कोणी जागा देईना, ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. तिथल्या भाषणात आंबेडकरांनी म्हटले की स्पृश्य आपल्याला अडवतात ते पाणी विटाळून संपेल म्हणून नव्हे. शास्त्राने हीन ठरवलेल्या जाती आपल्या बरोबरीच्या आहेत हे त्यांना कबूल करायचे नाही म्हणून. आणि आपण तळ्यावर जातो ते तहान भागवायला नव्हे, इतरांसारखे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला. त्याच भाषणात त्यांनी महाडच्या परिषदेची तुलना १७८९ सालच्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली.

मला हा योगायोग फार बोलका वाटतो. दुर्खीमही १७८९ कडेच बोट दाखवतो. जमावाने माणूस स्वतःच्या वर कसा उचलला जातो याचे उदाहरण म्हणून तो त्या वर्षीची ४ ऑगस्टची रात्र सांगतो, जेव्हा सरदारांनी भर सभेत आपले हक्क सोडले आणि आदल्या दिवशी जे कोणी मानले नसते ते झाले. त्याच क्रांतीत स्वातंत्र्य, पितृभूमी अशा निखळ लौकिक गोष्टींना लोकांनी वेदीवर चढवले, हेही तो नोंदवतो. मात्र फ्रेंच अभ्यासकाला त्या रात्रीत जमलेल्या समाजाची ताकद दिसली, आणि महाडच्या वक्त्याला तिथे समाजाची नवी हद्द आखली जाताना दिसली.

हद्द आखायलाही विधी लागतोच. डिसेंबरमध्ये न्यायालयाची मनाई असल्यामुळे परिषदेने तळ्याचे पाणी घेतले नाही. पण २५ तारखेच्या रात्री मंडपासमोर खड्डा खणून चंदनाची चिता रचली गेली आणि मनुस्मृती जाळण्यात आली. ती जाळण्याचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण होते. ‘हे नुसते प्रतीकात्मक होते’ असे म्हणून या गोष्टीला बाजूला सारणाऱ्यांना दुर्खीमने चांगले उत्तर दिले असते: प्रतीकाशिवाय गट तयारच होत नाही. तळ्याचा दावा पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ साली निकाल लागला, की अस्पृश्यांना दूर ठेवण्याची चाल अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही. निकालाची तारीख आज किती जणांना आठवते? २० मार्च मात्र आठवतो. दरवर्षी त्या दिवशी माणसे महाडला जमतात, ओंजळीने पाणी पितात. जे तळे तीर्थ नव्हते ते झाले. दुर्खीमला याहून चांगले उदाहरण मिळाले नसते: ठरलेल्या काळाने पुन्हा जमायचे, तीच कृती करायची, आणि पांगताना गट ताजा होऊन जायचा.

म्हणून मी त्याला निम्मा मानतो. विधीत ताकद आहे आणि ती समाजाची आहे. पण तीच ताकद मार्चमध्ये घागरी ओतणाऱ्यांकडे होती आणि तीच ओंजळीने पाणी पिणाऱ्यांकडे. गाण्याची, गर्दीची, अंगावर येणाऱ्या काट्याची तीव्रता मोजून या दोहोंतला फरक कळणार नाही.

कशावरून कळेल, याचा एक धागा आंबेडकरांच्याच १९३६ सालच्या न झालेल्या भाषणात आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने ते आयत्या वेळी रद्द केले, म्हणून त्यांनी ते छापले. वेगवेगळ्या जाती तेच सण पाळतात म्हणून त्यांचा एक समाज होतो, या समजुतीला त्यांनी तिथे हात घातला आहे. समांतर चाललेल्या सारख्या कृतींनी माणसे बांधली जात नाहीत, असे ते सांगतात. त्यासाठी एकाच कृतीत वाटेकरी व्हावे लागते, म्हणजे एकाला जे वाटते तेच दुसऱ्याच्याही मनात उठते. वाक्य वाचताना वाटते की दुर्खीमचेच आहे. प्रत्यक्षात त्यामागे कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई असावेत. ते काही असो, फरक नेमका आहे. दोन आळ्यांत दोन गणपती, दोन्हीकडे आरती तीच, चाल तीच: हे समांतर. आमच्याच इमारतीच्या मंडपात मी वर्षानुवर्षे पाहिले की आरतीला जिना झाडणाऱ्या बाईही टाळ्या वाजवत उभ्या असत आणि महाप्रसादाच्या पंगतीला मात्र त्यांचे ताट घरी न्यायला बांधून दिलेले असे. अडवत कोणी नव्हते. तसे ठरवलेही कोणी नव्हते, मीही नाही.

‘पण वारी?’ असे इथे कोणीही विचारील, आणि विचारायलाच हवे. महाराष्ट्रात एकत्र चालण्या-गाण्याचे याहून मोठे रूप नाही. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, वयाचा, जातीचा मान न पाहता, आणि ते वरवरचे नसते. इरावती कर्वे या मानवशास्त्रज्ञ स्वतः ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिले. ज्या मुलखातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी एक व्याख्याच त्यांना त्या वाटेवर सापडली. दुर्खीमच्या म्हणण्याला इतकी देखणी साक्ष दुसरी नसेल. पण अभ्यासकाची नजर असल्यामुळे त्यांनी दुसरेही पाहिले: ब्राह्मण आणि मराठा माणसे चालत एकत्र होती, अभंग एकत्र म्हणत होती, आणि स्वयंपाक झाला की जेवायला वेगवेगळी बसत होती. गाणे एक, चूल दोन. विठ्ठलाच्या देवळाच्या पायरीशी चोखोबांची समाधी बाहेरच आहे, आणि त्यांच्या जातीच्या माणसांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले, तोवर वारी शतकानुशतके चालतच होती.

कर्वे बाई मग मराठा बायकांच्या पंगतीला जाऊन जेवल्या. त्यानंतर वातावरण सैल झाले असे त्या सांगतात. बायका त्यांचा हात धरून चालू लागल्या, घरच्या गोष्टी बोलू लागल्या, ‘ताई’ म्हणू लागल्या. आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ, असेही काहींनी म्हटले. त्यावर त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने विचारले, की आम्ही आलो तर तेव्हाही तुम्ही आत्तासारख्याच आमच्याशी वागाल का?